पगार सात तारखेला पुरा होणार नसेल तर: तारखा कशा ठरवायच्या आणि नोटीस कशी लिहायची

काजू कारखान्याचा पैसा मार्च ते मे या तीन महिन्यांत गोदामात जाऊन बसतो. बी रोखीनं घ्यावी लागते, गर मात्र दिवाळीपर्यंत हळूहळू विकला जातो, तोही उधारीवर. त्यामुळे वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांना वर्षातला सगळ्यात ओढाताणीचा महिना बहुतेक वेळा ऑगस्ट असतो. त्याच सुमारास गणपती येतात. मूर्तीचे पैसे गणपतीच्या शाळेत द्यायचे असतात, माटवीचं सामान आणायचं असतं, मुंबईहून चाकरमानी घरी येणार असतात. पगार चार दिवस पुढे गेला तर इतर महिन्यांत जे चालून जातं ते या महिन्यात चालत नाही.

अशा वेळी मालक बहुधा दोनपैकी एक करतात. एक तर दहा तारखेपर्यंत गप्प बसतात, नाहीतर घाईघाईनं फळ्यावर चार ओळी लावतात: 'काही अपरिहार्य कारणास्तव पगारास विलंब होत आहे, सहकार्य करावे.' कामगारांचा प्रश्न एकच असतो, 'पैसे कधी गावतले?' आणि त्याचं उत्तर या चार ओळींत नसतं. नोटीस लिहिण्याचं अवघड काम भाषेचं नसून तारखांचं आहे, म्हणून या लेखाचा बराचसा भाग तारखांवरच जाईल. मजकूर शेवटी येईल आणि तो छोटा असेल.

आधी कायदा, थोडक्यात

नोटीस लावली म्हणून उशीर कायदेशीर होत नाही. वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याची 7 तारीख संपण्याआधी द्यायचा असतो. आधीच्या 1936 च्या वेतन प्रदान कायद्यातही हजारपेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला हीच मर्यादा होती. जुन्या कायद्यात पगाराची एक कमाल रेषा होती आणि तिच्यावरचे लोक त्यातून सुटायचे. संहितेत तशी रेषा नाही, मॅनेजरचा पगारही सातलाच देय असतो. ज्यानं काम सोडलं किंवा ज्याला काढलं, त्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. म्हणून ऑगस्टअखेर सोडून गेलेल्या माणसाला पुढे येणाऱ्या हप्त्यांच्या यादीत बसवता येत नाही. त्याचे पैसे आधी बाजूला काढायचे.

याचा नोटिशीच्या शब्दांवर थेट परिणाम होतो. 'ऑगस्टचा पगार 11 सप्टेंबरला देय राहील' असं लिहू नका. देय तारीख 7 च आहे, ती बदलणं तुमच्या हातात नाही. '7 तारखेला देय असलेला पगार पुढील तारखांना मिळेल' असं लिहा. आणि कामगारांकडून 'आम्हाला उशीर मान्य आहे, तक्रार नाही' अशा कागदावर सह्या घेऊ नका. हक्काचं वेतन सोडून देणारा करार कायद्यापुढे टिकत नाही, आणि असा कागद समोर आला की माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो पैसे बुडाल्याचा. सही घ्यायचीच तर 'नोटीस वाचली / वाचून दाखवली' एवढ्यापुरती घ्या.

'लेखी दिलं तर तो आपल्याविरुद्ध पुरावा होईल' अशी भीती काही मालक बोलून दाखवतात. पुरावा बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आधीच असतो. नोटिशीमुळे नवीन काही उघड होत नाही, फक्त तुम्ही आधी सांगितलं होतं एवढं दिसतं.

पैसा किती आणि कधी: एक उदाहरण

समजा वेंगुर्ले तालुक्यात 36 माणसांचा एक काजू कारखाना आहे. साल 2026, गणेश चतुर्थी सोमवार, 14 सप्टेंबरला. ऑगस्टचा पगार सोमवार, 7 सप्टेंबरला देय. कपाती जाऊन हातात द्यायच्या रकमा अशा:

सोलणी आणि ग्रेडिंगच्या 22 बायका, प्रत्येकी 12,500, म्हणजे 2,75,000.
कटिंग, बॉयलर आणि ड्रायरवरचे 8 जण, प्रत्येकी 16,000, म्हणजे 1,28,000.
सुपरवायझर आणि ऑफिसचे 4 जण, प्रत्येकी 24,000, म्हणजे 96,000.
मॅनेजर आणि विक्री बघणारे, 2 जण, प्रत्येकी 38,000, म्हणजे 76,000.

एकूण 5,75,000. त्याशिवाय 15 तारखेपर्यंत पीएफचे सुमारे 1,30,000 भरायचे आहेत.

आता बँक बघू. सी.सी. खात्यात काढता येण्याजोगे 3,40,000 उरले आहेत. लिमिट कागदावर मोठी असते, पण प्रत्यक्षात काढता येतात ते ड्रॉइंग पॉवरइतकेच. ती दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवर ठरते आणि फार जुनी येणी बँक त्यात धरत नाही. म्हणजे ज्याच्यामुळे पैसे अडले, त्याच बिलामुळे खात्यातली जागाही आकसते. या 3,40,000 मधून विजेचे 38,000 भरायलाच हवेत, नाहीतर पगाराबरोबर कामही थांबेल. उरले तीन लाख.

येणं दोन ठिकाणांहून आहे. वाशीच्या व्यापाऱ्याकडून 5 तारखेला यायचे 3,60,000, ते आता '10 ला टाकतो' म्हणतो. कोल्हापूरच्या एका मिठाईवाल्याचा 2,10,000 चा चेक आहे, त्यावर 11 तारीख आहे.

कागदावर बघितलं तर 11 तारखेपर्यंत सगळं जमतं. हीच जागा फसवी आहे. चेकवर 11 तारीख असणं आणि 11 ला पैसे खात्यात असणं यात फरक आहे. 2026 चं कॅलेंडर उघडा: 12 सप्टेंबर दुसरा शनिवार, 13 रविवार, 14 चतुर्थी. सलग तीन दिवस बँक बंद. शुक्रवारी भरलेला चेक वटला तर उत्तम, पण हिशेबात तो 16 तारखेच्या आधी धरू नये. कामगारांच्या बाजूनंही हेच तीन दिवस आहेत. एनईएफटी सुट्टीतही चालते, पैसे शनिवारी खात्यात पडतीलही, पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या गावातलं एटीएम रिकामं असू शकतं, आणि ज्या बाईचं खातं जिल्हा बँकेच्या शाखेत स्लिप भरून चालतं तिला ते पैसे मंगळवारशिवाय हातात मिळणार नाहीत. म्हणून गणपतीआधीची शेवटची खरी तारीख 11, शुक्रवार, आणि तीही सकाळची.

नोटिशीच्या आधी एक प्रयत्न

या आकड्यांकडे बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. कारखान्यातले पहिले दोन गट मिळून 4,03,000 होतात. हाताशी तीन लाख आहेत. म्हणजे आणखी 1,03,000 कुठून उभे राहिले तर 36 पैकी 30 माणसांचा पगार वेळेवर आणि पुरा होतो, उशीर सहाजणांपुरताच उरतो. पाच लाख पंचाहत्तर हजारांचा डोंगर बघून मालक हात टेकतो, पण शोधायचे असतात एक लाख तीन हजार.

ते सोन्यावरच्या कर्जातून येऊ शकतात, मालकानं स्वतःची उचल त्या महिन्यापुरती थांबवून येऊ शकतात, बँक मॅनेजरकडे आठ दिवसांपुरती जादा रक्कम मागून येऊ शकतात, किंवा थोडा भाव सोडून काही माल रोखीत विकून येऊ शकतात. गणपतीच्या आधी चाकरमान्यांसाठी काजू भरून ठेवणारे दुकानदार सावंतवाडीत आणि मालवणात असतातच. हे सगळं बघून झालं, काही जमलं नाही, मगच नोटीस. आपल्या उदाहरणातल्या मालकाचं सोनं मे महिन्यात बी घेतानाच गहाण गेलेलं आहे, बँकेनं नकार दिला आहे आणि दुकानदारांकडची रोख ऑर्डर लहान आहे, असं धरून पुढे जाऊ. ती ऑर्डर मात्र सोडू नका, ती पुढे उपयोगी पडेल.

एक ठिकाण या यादीत मुद्दाम घेतलेलं नाही: पीएफचे पैसे. पीएफ 15 तारखेला भरायचा असतो आणि तो पगार प्रत्यक्ष कधी दिला यावर अवलंबून नसतो, महिन्याच्या देय वेतनावर असतो. पगार हप्त्यांत गेला म्हणून पीएफ हप्त्यांत जात नाही. उशीर झाला तर वर्षाला 12 टक्क्यांनी व्याज लागतं, वर दंडाची नोटीस वेगळी. त्यातही कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा भरला नाही तर तो फौजदारी विश्वासघात धरला जातो. ईएसआय लागू असेल तर त्याचीही 15 तारीख आहे. व्यवसाय कर वेगळा भरायचा, त्याची मुदतही वेगळी असते.

कोणाला आधी: दोन रस्ते

तीन लाख 36 जणांत वाटायचे कसे? सगळ्यांना पगाराच्या 52 टक्के, हा सर्वात सोपा आणि माझ्या मते सर्वात वाईट मार्ग. मॅनेजरला जवळजवळ वीस हजार मिळतात आणि सोलणीवरच्या बाईला साडेसहा. तिचा किराणाही त्यात सुटत नाही.

पहिला विचार करण्यासारखा रस्ता असा: कमी पगारवाल्यांचा पगार आधी पुरा करायचा. 22 बायकांना 7 तारखेला पूर्ण 12,500. उरलेल्या 25,000 मधून आठजणांना 3,000 प्रत्येकी. बाकी सगळं 11 ला किंवा त्यानंतर. कायद्याच्या नजरेनं हा रस्ता बरा, कारण 22 माणसांच्या बाबतीत उशीर झालाच नाही.

दुसरा रस्ता: सगळ्यांना सारखी रक्कम. प्रत्येकी 8,000, एकूण 2,88,000. ज्याचा पगार खाड्यांमुळे आठ हजारांपेक्षा कमी निघाला असेल त्याचा तेवढ्यावर पूर्ण. यात सगळ्यांचाच थोडा पगार मागे राहतो, म्हणजे उल्लंघन 36 जणांचं होतं. पण घरात प्रत्येकाच्या काहीतरी जातं.

यातला कोणता निवडायचा हे ठरतं ते दुसऱ्या हप्त्याचा पैसा किती पक्का आहे त्यावरून. वाशीचे 3,60,000 येणारच असतील, तर पहिला रस्ता घ्या. आठजणांना फक्त चार दिवस थांबावं लागतं आणि त्यांचे 13,000 अकरा तारखेला मिळतात. पण तो पैसा आला नाही तर काय होतं बघा. पहिल्या रस्त्यानं बॉयलरवरच्या माणसाच्या घरी गणपती 3,000 वर येतात आणि शेजारच्या घरात पगार पुरा झालेला असतो. दुसऱ्या रस्त्यानं कोणाच्याही घरात आठ हजारांच्या खाली नसतं, आणि सोलणीवाल्यांचं फक्त 4,500 येणं राहतं.

व्यापाऱ्याचा शब्द पक्का की नाही हे कसं कळायचं? 'टाकतो' याला काही किंमत नाही. त्याला मेसेज करा: अमुक बिल, अमुक रक्कम, 10 तारखेला आरटीजीएस. तो 'हो' असं लिहून देतो की फोन करून बोलू म्हणतो, यावरून बरंच समजतं. मागच्या तीन बिलांत त्यानं सांगितलेली तारीख आणि पैसे आल्याची तारीख वहीत शेजारी शेजारी लिहून बघा. नेहमी दोन दिवस उशीर करणारा यावेळीही दोन दिवस उशीर करील, आणि आपल्याकडे 11 नंतर दोन दिवस नाहीतच. आपल्या उदाहरणात त्यानं लिहून काही दिलेलं नाही, म्हणून मी सारख्या रकमेचा रस्ता घेईन.

तारखा मग अशा पडतात. 7 ला सगळ्यांना 8,000, एकूण 2,88,000. 11 ला सोलणीच्या 22 जणींना उरलेले 4,500, म्हणजे 99,000. कटिंग-बॉयलरच्या आठजणांना 8,000, म्हणजे 64,000. ऑफिसच्या चौघांना 16,000, तेही 64,000. मिळून 2,27,000. वाशीचे 3,60,000 आले की त्यातून हे देऊन 1,33,000 राहतात, पीएफ त्यातून सुटतो. मॅनेजर आणि विक्रीवाल्याचे 30,000 प्रत्येकी, म्हणजे 60,000, कोल्हापूरचा चेक वटल्यावर, 18 तारखेला, शुक्रवारी. 16 ला पैसे अपेक्षित असताना 18 सांगणं म्हणजे दोन दिवसांची जागा ठेवणं. जाहीर केलेल्या तारखेच्या आधी पैसे दिले तर कोणी भांडत नाही.

मॅनेजर आणि विक्रीवाला या दोघांशी नोटीस लावण्याआधी समोर बसून बोला. त्यांचा पगारही कायद्यानं 7 लाच देय आहे, ते मालकावर उपकार करतायत हे मालकानं तोंडानं म्हणावं. शिवाय कामगार नोटीस वाचून आधी जातील ते मॅनेजरकडेच, आणि त्याला तेव्हाच कळत असेल तर सगळं बिघडलं.

नोटीस

ती 3 तारखेला, गुरुवारी लावा. पैशाची तूट तुम्हाला 1 तारखेला दिसत असते, दोन दिवस प्रयत्नात जातात. 8 तारखेला लावलेल्या नोटिशीला कोणी नोटीस म्हणणार नाही.

मजकूर असा धरता येईल:

> दिनांक: 3 सप्टेंबर 2026
>
> कारखान्यातील सर्वांस,
>
> ऑगस्ट 2026 चा पगार 7 सप्टेंबरला देय आहे. तो या वेळी एकदम देता येत नाही. तो खालील तारखांना मिळेल.
>
> सोमवार, 7 सप्टेंबर: प्रत्येकास 8,000 रुपये. ज्यांचा पगार यापेक्षा कमी आहे त्यांना पूर्ण पगार.
>
> शुक्रवार, 11 सप्टेंबर, सकाळी 11 पर्यंत: ज्यांचा हातात येणारा पगार 30,000 रुपयांपर्यंत आहे त्यांची उरलेली संपूर्ण रक्कम.
>
> शुक्रवार, 18 सप्टेंबर: इतरांची उरलेली संपूर्ण रक्कम.
>
> कारण: विकलेल्या मालाचे 5 सप्टेंबरला येणारे पैसे पुढे गेले आहेत. काम किंवा मालाची मागणी कमी झालेली नाही.
>
> ऑगस्टचा पीएफ नेहमीप्रमाणे 15 सप्टेंबरपर्यंत पूर्ण भरला जाईल. उशिरामुळे कोणाच्याही पगारातून काहीही कापले जाणार नाही.
>
> या उशिरामुळे बँकेचा किंवा पतसंस्थेचा हप्ता परत गेला व आकार लागला, तर त्याची पावती किंवा बँकेचा मेसेज ऑफिसात दाखवावा. तो आकार कारखाना देईल.
>
> 7 तारखेला औषधपाणी किंवा अशी तातडीची गरज असेल तर 5 सप्टेंबरपर्यंत ऑफिसात सांगावे. नाव फळ्यावर येणार नाही.
>
> 11 तारखेच्या हप्त्यात काही बदल होणार असेल तर तो 10 सप्टेंबरला सकाळी कामाच्या सुरुवातीला सांगितला जाईल.
>
> सप्टेंबरचा पगार 7 ऑक्टोबरला मिळेल.
>
> या उशिराची जबाबदारी माझी आहे. त्याबद्दल मी दिलगीर आहे.
>
> (सही)
> मालक

काही ओळींबद्दल सांगायला हवं. कारण दोन वाक्यांत आहे आणि व्यापाऱ्याचं नाव नाही. नाव लिहिलं की फोटो वाशीपर्यंत पोचतो आणि उद्याचे पैसेही अडतात. पण 'काम कमी झालेलं नाही' हे वाक्य खरं असेल तरच लिहा, कारण कामगार सर्वात आधी तेच ताडतो. गोदामात किती पोती बी आहे हे सोलणीवाल्या बायकांना मालकापेक्षा आधी कळतं.

शेवटून तिसरी ओळ, सप्टेंबरच्या पगाराची, बहुतेक नोटिशींत नसते. ती नसली की माणूस धरून चालतो की आता दर महिन्याला असंच. पण 7 ऑक्टोबरचा हिशेबही आजच मांडून बघा. जमत नसेल तर ती ओळ काढा, मोघम आश्वासन लिहू नका.

हप्ता परत गेल्याचा आकार कारखान्यानं देण्याची ओळ महाग वाटते. सोलणीच्या बायकांचे बचतगटाचे आणि पतसंस्थेचे हप्ते बहुतेक हातानं भरायचे असतात, त्यांना दोन दिवस सांभाळून घेतात. खात्यातून आपोआप जाणारे हप्ते आठ-दहा जणांचेच असतील. ज्यांचा असा हप्ता 7 ते 11 च्या मध्ये आहे त्यांची नावं आधी विचारून घ्या आणि त्यांचे 8,000 सात तारखेला सकाळीच टाका.

सांगायचं कसं

फळ्यावर लावण्याआधी वाचून दाखवा, सकाळच्या चहाच्या सुट्टीत, मालकानं स्वतः. सुपरवायझरला पुढे करू नका. सोलणीच्या शेडमध्ये वेगळं आणि कटिंगच्या शेडमध्ये वेगळं सांगितलं तर दुपारच्या जेवणाला दोन गोष्टी तयार होतात, म्हणून सगळे एकत्र. बाहेरच्या राज्यातली किंवा नेपाळची माणसं कामाला असतील तर तोच मजकूर हिंदीतही लावा. त्यांचे पैसे गावाकडे पाठवायचे असतात, त्यांच्यासाठी 7 आणि 11 मधला फरक गणपतीचा नसून घरी पाठवायच्या पैशांचा असतो.

मग प्रत्येकाला एक चिठ्ठी, स्वतःच्या आकड्यांची: एकूण 12,500, सातला 8,000, अकराला 4,500. फळ्यावर नावासमोर रकमा लावू नका. ही 36 चिठ्ठ्यांची मेहनत तासाभराची आहे आणि तिच्यामुळे पुढच्या दहा दिवसांतले निम्मे प्रश्न थांबतात. माझ्या अनुभवात माणसाला उशिरापेक्षा 'माझं नक्की किती राहिलं' हे न कळण्याचा त्रास जास्त होतो.

मुकादमामार्फत आलेली माणसं असतील तर त्यांना तुमची नोटीस थेट लागू होत नाही, त्यांचा पगार मुकादमानं द्यायचा असतो. पण त्यानं दिला नाही तर जबाबदारी फिरून तुमच्यावर येते. त्याचं बिल या यादीत पहिल्या हप्त्याबरोबर धरा आणि त्यानं वाटप केल्याची नोंद बघा.

वहीतली शिस्त

पहिल्या हप्त्याला 'उचल' किंवा 'ॲडव्हान्स' म्हणू नका, वहीतही नाही आणि बँकेतही नाही. ती कमावलेल्या पगाराची रक्कम आहे. उचल म्हणून नोंदली की पुढच्या महिन्यात कोणीतरी ती कापतो आणि तिथून खरी भांडणं सुरू होतात. ट्रान्सफर करताना शेरा असा टाका:

```
AUG26 SALARY PART 1
AUG26 SALARY PART 2
```

पगारपत्रक एकच निघेल, त्यावर दोन (किंवा तीन) वेळा दिलेल्या रकमा आणि त्यांच्या खऱ्या तारखा. रजिस्टरवर सगळ्यांच्या सह्या 7 तारखेच्या घेऊन ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बँकेत 11 आणि रजिस्टरमध्ये 7 असं दिसलं की साधा उशीर खोट्या नोंदीचा मामला होतो. वेतनाचा दावा करायला कामगाराला तीन वर्षांची मुदत असते, तेवढा काळ हे कागद नीट राहिले पाहिजेत. जुन्या उचलीची कपात या महिन्यात करायचीच असेल तर शेवटच्या हप्त्यातून करा, पहिल्या आठ हजारांना हात लावू नका.

दहा तारखेची सकाळ

वाशीला 8 ला एक फोन आणि 9 ला दुपारी दुसरा. 9 च्या संध्याकाळपर्यंत त्याच्याकडून पैसे पाठवल्याचा नंबर आला नसेल किंवा 10 ला सकाळी पाठवतो असं लेखी नसेल, तर तो येणार नाही असं धरून चाला. तेव्हा 2,27,000 हा आकडा विसरा. आता लागतात 1,63,000, सोलणी आणि कटिंगच्या तीसजणांचे. ऑफिसच्या चौघांना 18 पर्यंत थांबायला विचारा. आधी बाजूला ठेवलेली दुकानदारांची रोख ऑर्डर इथे कामाला येते, पहिल्या हप्त्यानंतर उरलेले बारा हजार येतात, आणि एक-दोन नातेवाईकांकडून आठ दिवसांच्या बोलीवर घेतलेले. त्यातून समजा लाखभरच जमले, तर 22 जणींचे 99,000 पुरे करा. कारण त्यानं बावीस घरांचा हिशेब तिथेच मिटतो आणि येणं आठजणांपुरतं उरतं. त्या आठजणांना त्याच सकाळी बाजूला बोलावून सांगा, किती राहिले आणि कोणत्या तारखेला. त्यासाठी फळा नको, आणि तारीख 16 च्या आधीची देऊ नका.

पीएफचे 1,30,000 मग कोल्हापूरच्या चेकवर जातात, म्हणजे 15 ची तारीख एखाद-दोन दिवसांनी हुकेल. व्याज लागेल, ते भरा. पण नोटिशीत 15 पर्यंत पीएफ भरतो असं लिहिलं होतं, म्हणून नवी तारीखही लिहून लावा. पीएफचं पासबुक मोबाईलवर उघडून बघणारी पोरं प्रत्येक शेडमध्ये असतात.

व्यापाऱ्यावर पुढे काय करायचं हे गणपतीनंतर. कारखान्याची उद्यम नोंदणी असेल तर 45 दिवसांपुढे थकलेल्या बिलावर व्याजासह दावा लावता येतो, पण ते काम महिन्यांचं आहे, 11 तारखेला त्याचा उपयोग नाही.